कॅप लागलेलं रीसबमिशन: सरासरी किती वर जाईल, हे लिहायला बसण्याआधी काढा

दर जूनमध्ये इंग्लंडमधून आपल्या मुलामुलींचे मेसेज येतात आणि त्यात एक वाक्य हमखास असतं: "ताई, एका मॉड्यूलमध्ये उडालो, पण रीसबमिशन मिळालंय, त्यात भरपाई करतो." मी तिथेच एमएससी केलं आणि पुढे काही वर्षं एका विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला केंद्रात बसले. तिथे शंभर वेळा समजावलेलं आता एकदाच लिहून ठेवते. रीसबमिशनमध्ये भरपाई होते, पण तिला छत असतं. ते छत किती उंचीवर आहे, हे तुम्ही एक ओळही लिहिण्याआधी कागदावर काढता येतं. बहुतेक जण ते काढत नाहीत आणि उन्हाळ्याचे तीन आठवडे चुकीच्या कामावर घालवतात.

हा लेख इंग्लंडमधल्या १८० क्रेडिटच्या मास्टर्सबद्दल आहे. तिथे पास व्हायला ५० लागतात, मेरिटला ६० आणि डिस्टिंक्शनला ७०. नापास असाइनमेंट पुन्हा दिली की तिचे मार्क पासच्या रेषेवर, म्हणजे ५० वर, अडवले जातात. तुम्ही ५१ चं लिहा नाहीतर ८१ चं, हिशोबात ५० धरले जातात. याला कॅप म्हणतात. बॅचलर्सला हीच रेषा ४० वर असते. आपल्याकडच्या केटीच्या सवयीने याकडे पाहू नका, इथले नियम निराळे आहेत.

## आधी हाताशी काय हवं

चार गोष्टी गोळा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली, मॉड्यूलचं हँडबुक. त्यात कुठल्या घटकाला किती टक्के वजन आहे ते असतं. दुसरी, तुमच्या विद्यापीठाची मूल्यांकनाची नियमावली, तीही तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतलात त्या वर्षीची. नियम बदलतात आणि बऱ्याचदा जुन्या बॅचला जुनेच लागू राहतात. तिसरी, आतापर्यंतचे सगळे मार्क, मॉड्यूलनुसार आणि क्रेडिटसकट. चौथी, नापास झालेल्या असाइनमेंटवरचा पूर्ण फीडबॅक, रुब्रिकच्या, म्हणजे निकषवार मार्कांच्या, तक्त्यासकट. वरवरचा एक परिच्छेद पुरत नाही.

तपासा: पोर्टलवर दिसणारे मार्क एक्झाम बोर्डाने कायम केलेले आहेत की तात्पुरते? बोर्ड बसेपर्यंत सगळं तात्पुरतं असतं. रीसबमिशनची अधिकृत परवानगीसुद्धा बोर्डाकडूनच येते, शिक्षकाच्या ईमेलवरून नाही.

## पायरी १: कॅप नेमकी कुठे लागते ते शोधा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "कॅप ५० ची आहे" एवढ्यावर लोक थांबतात. पण ५० ची कॅप असाइनमेंटवर की अख्ख्या मॉड्यूलवर?

काही विद्यापीठांत फक्त पुन्हा दिलेल्या घटकावर कॅप लागते. परीक्षेत आधी मिळालेले मार्क तसेच राहतात आणि दोन्हींची वजनानुसार बेरीज होते. काही ठिकाणी मात्र मॉड्यूलमध्ये एकदा नापास झालात की मॉड्यूलचा शेवटचा आकडाच ५० वर अडतो, मग परीक्षेत तुम्ही काहीही केलेलं असो.

फरक किती पडतो ते पाहा. समजा २० क्रेडिटच्या मॉड्यूलमध्ये रिपोर्टला ६० टक्के आणि परीक्षेला ४० टक्के वजन आहे. रिपोर्टमध्ये २० मिळाले, परीक्षेत ७०. मॉड्यूलचे झाले १२ अधिक २८, म्हणजे ४०. नापास. रिपोर्ट पुन्हा दिला आणि तो पास झाला. घटकावर कॅप असेल तर ३० अधिक २८, म्हणजे ५८. मॉड्यूलवर कॅप असेल तर ५०. तोच विद्यार्थी, तेच काम, आठ मार्कांचा फरक. पूर्ण कोर्सच्या सरासरीत पहिल्या नियमाने २.० ची वाढ होते, दुसऱ्याने १.११ ची.

नियमावलीत हे शोधताना "कॅप" हा शब्द जिथे जिथे येतो ते प्रत्येक वाक्य वाचा. वाक्यात "घटक" म्हटलंय की "मॉड्यूल", तिथे बोट ठेवा. कळलं नाही तर प्रोग्रॅम ऑफिसला दोन ओळींचा ईमेल टाका आणि उत्तर लेखी घ्या. वर्गमित्राचं ऐकू नका. तो दुसऱ्या फॅकल्टीचा असेल तर त्याचा नियमही वेगळा असू शकतो.

सावधान: मॉड्यूल एकूण पास असेल, तर एका घटकात ३२ पडले म्हणून तो पुन्हा देऊन मार्क वाढवता येत नाहीत. रीसबमिशन नापासांसाठी असतं. अपवाद एकच: काही मॉड्यूलमध्ये प्रत्येक घटकात किमान मार्क लागतात. तसं असेल तर एकूण ५४ असूनही तुम्ही नापास ठरता आणि तो घटक द्यावाच लागतो.

## पायरी २: कॅप उठू शकते का ते आधीच बघा

ही पायरी हिशोबाच्या आधी ठेवली आहे, कारण कॅप उठली तर पुढचा सगळा हिशोबच बदलतो.

पहिल्या वेळी तुम्ही आजारी होतात, घरी मृत्यू झाला, अपघात झाला, असं काही सिद्ध करता आलं तर विद्यापीठ पहिला प्रयत्न बाजूला ठेवू शकतं. मग नवा प्रयत्न हाच पहिला मानला जातो आणि त्याला कॅप लागत नाही. या अर्जाला प्रत्येक विद्यापीठ वेगळं नाव देतं, पण सगळीकडे दोन गोष्टी लागतात: ठरलेल्या मुदतीत अर्ज आणि तारखा जुळणारे पुरावे.

तारखा जुळणं म्हणजे काय, ते आपल्या लोकांना नीट सांगावं लागतं. कोल्हापूरची एक मुलगी आमच्याकडे आली होती. सुट्टीत घरी आली तेव्हा अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि परतल्यावर तिने अर्धवट रिपोर्ट जमा केला. पुरावा म्हणून तिने डॉक्टरांचं एक प्रिस्क्रिप्शन जोडलं होतं. त्यावर औषधं होती, तारीख होती, पण किती दिवस ती कामाला असमर्थ होती याबद्दल एक अक्षर नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. डिस्चार्ज कार्ड जोडलं असतं तर दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसली असती. डॉक्टरांच्या लेटरहेडवर "अमुक ते अमुक तारखेपर्यंत विश्रांती आवश्यक" एवढं लिहून घेणं अवघड नसतं, फक्त ते वेळेत घ्यावं लागतं. कागद मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही जोडा.

मुदत उलटली असेल तर अर्ज उशिरा का झाला, याचंही कारण पुराव्यासकट द्यावं लागतं. "मला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही. "विषय अवघड होता" आणि "पार्ट टाइम कामामुळे वेळ मिळाला नाही" हेही सहसा चालत नाही. खरं कारण नसेल तर या पायरीवर रेंगाळू नका.

## पायरी ३: छत काढा

आता गणित. नाशिकच्या एका मुलाची मार्कशीट घेते, कारण त्याची चूक सगळ्यांची चूक आहे.

वीस-वीस क्रेडिटची सहा मॉड्यूल आणि साठ क्रेडिटचं डिझर्टेशन. पाच मॉड्यूलचे मार्क ६२, ५८, ५५, ६६ आणि ६१. सहाव्यात रिपोर्टला ६० टक्के वजन होतं, त्यात त्याला ३४ पडले. परीक्षेला ४० टक्के, त्यात ५२. मॉड्यूलचे झाले २०.४ अधिक २०.८, म्हणजे ४१.२. डिझर्टेशन अजून बाकी होतं.

तो म्हणाला, "ताई, या वेळी रिपोर्टला पंच्याहत्तर पाडतो बघा."

म्हटलं, "पाड की. दिसतील पन्नासच."

त्याच्या विद्यापीठात घटकावर कॅप होती. म्हणून रिपोर्टचे जास्तीत जास्त ५०, त्याचे ६० टक्के ३०, वर परीक्षेचे २०.८. मॉड्यूल ५०.८ च्या पुढे जाणं शक्य नाही. वाढ झाली ९.६ ची, पण ती फक्त या मॉड्यूलपुरती. कोर्समध्ये या मॉड्यूलचा वाटा १८० पैकी २० क्रेडिट, म्हणजे नववा हिस्सा. ९.६ ला ९ ने भागलं की १.०७. त्याच्या कोर्सच्या सरासरीत रीसबमिशनमुळे होऊ शकणारी सगळ्यात मोठी वाढ एवढीच.

सूत्रात मांडायचं तर, घटकावर कॅप असताना:

```
वाढ = (50 - जुने मार्क) × घटकाचे वजन × मॉड्यूलचे क्रेडिट / 180
    = (50 - 34) × 0.6 × 20 / 180
    = 1.07
```

मॉड्यूलवर कॅप असेल तर दोन आकडे काढायचे: घटकाला कॅप न लावता येणारे मॉड्यूलचे मार्क आणि ५०. यातला लहान घ्यायचा. त्याच्या बाबतीत ५०.८ ऐवजी ५० झाले असते आणि वाढ ०.९८ वर थांबली असती. परीक्षेचे मार्क पासच्या रेषेच्या आसपास असले की दोन्ही नियमांत फार अंतर राहत नाही. परीक्षा उत्तम गेलेली असेल तेव्हाच मॉड्यूलवरची कॅप खरी बोचते.

स्प्रेडशीटवर करत असाल तर रिपोर्टचे अपेक्षित मार्क `B2` मध्ये ठेवून हे लिहा:

```
=MIN(B2,50)*0.6+52*0.4
```

`B2` मध्ये ५० च्या पुढचा कुठलाही आकडा घालून पाहा, उत्तर हलत नाही. मी मुलांना हे स्वतः करून बघायला लावायचे. पंच्याहत्तर टाइप केल्यावर ५०.८ तसेच दिसले की चेहरा पडायचा, पण पटायचं.

तपासा: टक्क्यांचं वजन आणि क्रेडिटचं वजन या दोन पायऱ्या आहेत. "१६ मार्क वाढले" म्हणून सरासरी १६ ने वाढेल असं कुणी म्हणत नाही, पण "मॉड्यूल ९.६ ने वाढलं, मॉड्यूल सात आहेत, म्हणून सातने भागा" असं पुष्कळ जण करतात. डिझर्टेशन हे तीन मॉड्यूलच्या बरोबरीचं आहे. नवाने भागायचं, सातने नाही.

## पायरी ४: उरलेला भार डिझर्टेशनवर किती पडतो ते काढा

छत कळलं की मगच खऱ्या प्रश्नाला हात घालता येतो: मेरिट मिळायला आता डिझर्टेशनमध्ये किती हवेत?

साठची सरासरी म्हणजे १८० गुणिले ६०, एकूण १०,८००. नाशिकच्या मुलाची पाच मॉड्यूल मिळून ३०२ मार्क होतात, वीस क्रेडिटने ६,०४०. सहावं मॉड्यूल रीसबमिशननंतर ५०.८ धरलं तर त्याचे १,०१६. बेरीज ७,०५६. उरले ३,७४४. ते ६० क्रेडिटच्या डिझर्टेशनमधून यायचे, म्हणजे ६२.४.

त्याच्या डोक्यातला हिशोब वेगळा होता. रिपोर्टला ७५ धरून त्याने मॉड्यूल ६५.८ काढलं होतं आणि त्यावरून डिझर्टेशनला ५७.४ पुरतील असं ठरवलं होतं. म्हणून त्याने सोपा, सुरक्षित विषय घेतला होता आणि मुलाखतींऐवजी वीस जणांच्या प्रश्नावलीवर भागवणार होता. पाच मार्कांचा हा फरक सप्टेंबरमध्ये कळला असता तर हातात काहीच उरलं नसतं. जूनच्या शेवटी कळला म्हणून सुपरवायझरशी बोलून त्याला कामाची व्याप्ती वाढवता आली.

डिस्टिंक्शनचंही आम्ही काढून पाहिलं. डिझर्टेशनमध्ये ९२.४ लागत होते. तिथले परीक्षक असे मार्क देत नाहीत. तो विषय तिथेच संपला आणि ते बरंच झालं.

अजून तीन गोष्टी नियमावलीत बघून घ्या. सरासरी पूर्णांकात आणतात का? आणत असतील तर ५९.५ ला मेरिट मिळतं, नाहीतर ५९.९ लाही मिळत नाही. मॉड्यूलचे मार्क आधीच पूर्णांकात आणतात का? तसं असेल तर ५०.८ चे ५१ होतात. आणि तिसरी गोष्ट, मेरिट किंवा डिस्टिंक्शनसाठी सरासरीशिवाय दुसरी अट आहे का? काही ठिकाणी डिझर्टेशनमध्येही तेवढेच मार्क लागतात. काही ठिकाणी एकही मॉड्यूल नापास झालेलं असेल तर वरचा वर्ग मिळतच नाही. अशी अट असेल तर सरासरीचा सगळा हिशोब गौण ठरतो.

## पायरी ५: रीसबमिशन द्यायचंच का, ते ठरवा

बऱ्याच विद्यापीठांत थोडक्यात नापास झालेलं मॉड्यूल, साधारण ४० ते ४९ मधलं, काही मर्यादित क्रेडिटपर्यंत बोर्ड माफ करू शकतं. बाकीची कामगिरी चांगली असावी लागते. अशा वेळी क्रेडिट मिळतात, पण मार्क जिथल्या तिथे राहतात. ४१.२ होते, ४१.२ च राहतात.

नाशिकच्या मुलाला ही वाट खुली होती. पण त्या वाटेने गेलं तर डिझर्टेशनमध्ये ६२.४ ऐवजी ६५.६ लागले असते. म्हणजे त्याच्यासाठी या रीसबमिशनची किंमत डिझर्टेशनच्या ३.२ मार्कांएवढी होती. मी त्याला असंच विचारलं: तीन आठवडे डिझर्टेशनवर जास्तीचे घालवून ६२ चे ६५ करणं सोपं, की नापास रिपोर्ट पासपर्यंत आणणं सोपं? त्याने रिपोर्ट निवडला. माझंही मत तेच होतं. साठच्या वर एकेक मार्क मिळवणं जड जातं, त्या मानाने चौतीसचे पन्नास करणं सोपं असतं.

पण मॉड्यूल ४७ वर अडकलं असेल तर पाहा. मॉड्यूल ५० पर्यंत गेलं तर सरासरीत वाढ ३ भागिले ९, म्हणजे ०.३३. डिझर्टेशनचा नेमका एक मार्क. तेवढ्यासाठी मी तरी जुलै खर्च करणार नाही, सरासरी ५९.८ वर लटकत असेल तरच.

सावधान: माफी मिळाल्यावर रीसबमिशनचा हक्क राहतो का, हे आधी विचारा. काही ठिकाणी बोर्डाने माफी दिली की मॉड्यूल पास धरलं जातं आणि पुन्हा द्यायची परवानगीच मिळत नाही. आणि काही अभ्यासक्रमांत, विशेषतः ज्यांना व्यावसायिक संस्थांची मान्यता असते, काही मॉड्यूलना माफी लागूच होत नाही.

बॅचलर्सवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट. इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षाचे मार्क बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्गवारीत धरत नाहीत. तिथे ४० ची कॅप सरासरीला काहीच करत नाही. पुढच्या वर्षाला जाता यावं एवढ्यासाठीच ते रीसबमिशन असतं.

## पायरी ६: पन्नास नव्हे, पंचावन्नसाठी लिहा

"कॅप ५० आहे ना, मग ५० पुरतं लिहितो." हा दुसऱ्या टोकाचा घोटाळा. पन्नासवर नेम धरलात आणि परीक्षकाला तो ४८ चा वाटला, तर वाढीचा हिशोब संपतो आणि पुन्हा संधी मिळेलच असं नाही. आपला अंदाज तीन-चार मार्कांनी चुकणारच असं धरून पंचावन्नच्या आसपास पोहोचेल एवढं काम करा. त्याच्या पुढची मेहनत डिझर्टेशनला द्या.

हे पंचावन्न कुठून आणायचे ते रुब्रिक सांगतं. नाशिकच्या मुलाच्या रिपोर्टचा तक्ता असा होता. प्रश्नाची मांडणी, वजन १५ टक्के, मिळाले ४५. संदर्भ साहित्याचा आढावा, २० टक्के, ३०. पद्धत, २५ टक्के, ४०. विश्लेषण आणि चर्चा, ३० टक्के, फक्त २०. सादरीकरण आणि भाषा, १० टक्के, ५२. बेरीज ३४.

त्याने काम सुरू केलं होतं ते कुठून? इंग्रजी सुधारून घेण्यापासून आणि संदर्भसूची हार्वर्ड पद्धतीत नीट लावण्यापासून. ते डोळ्यांना दिसतं, लगेच होतं आणि केल्यासारखं वाटतं. पण त्या ओळीत ५२ चे ६५ केले तरी एकूण १.३ मार्क वाढतात.

विश्लेषणाचे २० चे ५५ केले तर १०.५ वाढतात. साहित्याच्या आढाव्याचे ३० चे ५५ केले तर ५. एवढ्याने रिपोर्ट पन्नासला पोहोचेल असं वाटतं ना? बेरीज करा: ४९.४५. अर्ध्या मार्काने रिपोर्ट पन्नासच्या खालीच. पद्धतीचेही ४० चे ५५ करावे लागतात, त्याचे ३.७५, म्हणजे ५३.२. मांडणीही ५५ वर आणली तर ५४.७. भाषेला हात न लावता तो सुरक्षित झाला.

आता "विश्लेषणात २० का पडले" याचं उत्तर फीडबॅकच्या मार्जिनमध्ये होतं. एका गोदामातल्या साठ्याच्या आकड्यांचे त्याने चार आलेख काढले होते आणि प्रत्येकाखाली आलेखात जे दिसतं तेच शब्दांत लिहिलं होतं: "मार्चमध्ये साठा वाढला, एप्रिलमध्ये घटला." परीक्षकाने शेजारी फक्त "मग?" अशा अर्थाचा प्रश्न टाकला होता, चारही ठिकाणी. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्ये निरीक्षण लिहिलं की काम झालं, ही सवय त्याला नडली. नव्या मसुद्यात त्याने दोन आलेख काढून टाकले. उरलेल्या दोनांखाली साठा का वाढला असेल याची दोन कारणं मांडली, त्यातलं कुठलं आकड्यांशी जुळतं आणि कुठलं नाही ते दाखवलं, आणि वाचलेल्या लेखांशी ताडून पाहिलं. पानं कमी झाली, मार्क वाढले.

तपासा: रीसबमिशनचा ब्रीफ जुनाच आहे की नवा? काही मॉड्यूलमध्ये तोच रिपोर्ट सुधारून द्यायचा असतो, काहींत नवा प्रश्न किंवा नवा डेटा देतात. नवा ब्रीफ असताना जुना मजकूर चिकटवलात तर स्वतःच्याच कामाची नक्कल म्हणून चौकशी लागू शकते. जुनाच ब्रीफ असेल तर टर्निटिनमध्ये तुमच्याच पहिल्या प्रतीशी साम्य दिसणार. त्याने घाबरू नका, पण सुधारणेची परवानगी लेखी असू द्या.

## पायरी ७: जमा करताना आणि निकाल आल्यावर

पहिल्या वेळी उशीर झाला तर काही मार्क कापून घेतात, ही सवलत रीसबमिशनला बऱ्याच ठिकाणी नसते. वेळ चुकली की शून्य. त्यामुळे मुदतीच्या आदल्या दिवशी जमा करा. सुट्टीत भारतात आला असाल तर आणखी एक सापळा आहे: तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून दुपारी बाराची मुदत आपल्याकडे दुपारी साडेचारला संपते, साडेपाचला नाही. साडेपाचचा हिशोब हिवाळ्याचा. या एका तासाने मुलं गेलेली मी पाहिली आहेत.

लिंकही वेगळी असते. पोर्टलवर पहिल्या प्रयत्नाचा डबा आणि रीसबमिशनचा डबा शेजारीशेजारी असतात. जमा झाल्यावर मिळणारी पावती डाउनलोड करून ठेवा आणि फाइल पुन्हा उघडून पाहा. घाईत जुनी प्रत चढवणारे दरवर्षी दोन-तीन तरी निघतात.

निकाल लागल्यावर दोन आकडे शोधा: परीक्षकाने दिलेले मार्क आणि कॅपनंतरचे मार्क. फीडबॅकवर ५६ आणि पोर्टलवर ५० दिसले तर ती चूक नाही. चूक असते ती मॉड्यूलच्या ओळीत. नाशिकच्या मुलाच्या रिपोर्टला ५६ मिळाले, कॅपनंतर ५०, आणि मॉड्यूलसमोर ५०.८ ऐवजी ५० असं आलं. घटकाची कॅप मॉड्यूलवर लावली गेली होती. त्याने नियमावलीतलं कलम आणि स्वतःचा तीन ओळींचा हिशोब जोडून प्रोग्रॅम ऑफिसला ईमेल केला, आठवड्याभरात दुरुस्ती झाली. त्याच्या वर्गवारीवर त्याने फरक पडणार नव्हता, सरासरीत जेमतेम ०.०९ चा प्रश्न होता. पण परीक्षेत ७० असलेल्या कुणाच्या बाबतीत हीच चूक आठ मार्क खाऊन गेली असती, म्हणून बघायचं ते सगळ्यांनी. आणि बघायचं ते बोर्ड बसण्याआधी, कारण नंतर हीच दुरुस्ती अपिलाच्या वाटेने करावी लागते आणि त्या वाटेला मुदत असते.

डिझर्टेशनला त्याला ६३ मिळाले. सरासरी ६०.२. ट्रान्सक्रिप्टवर त्या मॉड्यूलच्या आकड्याशेजारी एक छोटी खूण आहे, दुसऱ्या प्रयत्नात पास झाल्याची. ती जात नाही.